गाडीचोरीचा क्लेम ‘उशिरा कळवलं’ म्हणून नाकारला तर

प्रश्न: मॅडम, मी घणसोलीत राहतो. १५ डिसेंबरला रविवारी सकाळी सोसायटीबाहेर लावलेली माझी कार जागेवर नव्हती. आधी वाटलं टोइंगवाल्यांनी उचलली. तिथे नाही कळल्यावर ११२ ला फोन केला, दुपारी पोलीस ठाण्यात अर्ज दिला. एफआयआर मात्र १७ तारखेला झाली. एजंट म्हणाला, ‘पोलिसांचा कागद येऊ दे, मग क्लेम टाकू.’ त्यामुळे कंपनीला लेखी कळवलं ६ जानेवारीला. त्यांचा माणूस येऊन जबाब आणि दोन्ही चाव्या घेऊन गेला. आता १९ मेचं पत्र आलंय: २२ दिवस उशिरा कळवल्यामुळे अट क्र. १ चा भंग, क्लेम नामंजूर. आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, ५,२०,००० आहे, बँकेचे १,३५,००० बाकी आहेत, हप्ता चालू आहे. फोनवर म्हणतात, ‘विनंती अर्ज द्या, ७५ टक्क्यांवर बघू.’ घ्यावे का? तक्रार करायची तर कुठे?

उत्तर:

७५ टक्क्यांना आत्ता हो म्हणू नका. तुमची बाजू त्याहून भक्कम आहे. ती कशामुळे भक्कम आहे हे समजून घेतलंत, तर कुठला कागद आधी गोळा करायचा आणि कुठे जायचं हेही ठरेल.

आधी पॉलिसी काढा आणि शेवटच्या पानांवरची अट क्र. १ स्वतः वाचा. ही अट जवळपास सगळ्याच कंपन्यांच्या मोटार पॉलिसीत सारखी असते. तिच्या सुरुवातीला लिहिलेलं असतं की अपघाताने नुकसान झालं, की कंपनीला ताबडतोब लेखी कळवायचं. कंपनीने पत्रात उचललाय तो हा भाग. अटीच्या शेवटी आणखी एक वाक्य आहे. चोरी किंवा दुसरा गुन्हा असेल, तर विमाधारकाने पोलिसांना ताबडतोब खबर द्यायची आणि गुन्हेगाराला शिक्षा होण्यासाठी कंपनीला सहकार्य करायचं. चोरीसाठी ही वेगळी तरतूद आहे आणि तिच्यात आधी जायचंय पोलिसांकडे.

सर्वोच्च न्यायालयाने नेमका हाच फरक पकडला. गुरशिंदर सिंग विरुद्ध श्रीराम जनरल इन्शुरन्स, निकालाची तारीख २४ जानेवारी २०२०, तीन न्यायमूर्तींचं पीठ. त्याआधी दोन न्यायमूर्तींच्या पीठांचे निकाल दोन्ही दिशांनी जात होते. काहींनी कंपनीला उशिरा कळवलं म्हणून क्लेम नाकारणं योग्य ठरवलं होतं, तर २०१७ च्या ओम प्रकाश प्रकरणात उशिराचं कारण पटण्यासारखं असेल तर खरा क्लेम तांत्रिक मुद्द्यावर बुडवू नये असं म्हटलं होतं. हा गोंधळ मिटवायला प्रकरण तीन न्यायमूर्तींकडे गेलं. त्यात ट्रॅक्टर चोरीला गेला होता, एफआयआर त्याच दिवशी झाली होती आणि कंपनीला कळवलं होतं ५२ दिवसांनी. न्यायालयाचं म्हणणं असं: अपघातात कंपनीचा सर्व्हेअर लवकर पोहोचला नाही तर नुकसान किती, कशामुळे, हे नंतर कळत नाही, म्हणून तिथे कंपनीला लगेच कळवणं महत्त्वाचं. चोरीत गाडीच जागेवर नसते. ती शोधण्याचे अधिकार, नाकाबंदी, तपास सगळं पोलिसांकडे. पोलिसांना वेळेत खबर दिली असेल, तर कंपनीला उशिरा कळवल्याने शोधात फारसा फरक पडत नाही.

या निकालाचा आधार घेताना लोक एक चूक करतात. ‘उशीर झाला तरी चालतो’ एवढंच लक्षात ठेवतात. निकाल तेवढा मोकळा नाही, तो तीन गोष्टींवर उभा आहे. एफआयआर चोरीनंतर लगेच झालेली असावी. तपास करून गाडी मिळाली नाही असा अंतिम अहवाल पोलिसांनी दिलेला असावा. आणि कंपनीच्याच सर्व्हेअरला किंवा इन्व्हेस्टिगेटरला चोरी खरी आढळलेली असावी. या तिन्ही जागी तुम्ही कुठे उभे आहात ते पाहू.

एफआयआर दोन दिवस उशिरा आहे. कंपनीने पत्रात हा मुद्दा घेतलेला नाही, पण ग्राहक आयोगासमोर त्यांचे वकील त्यावर बोट ठेवतील असं धरूनच चाला. तुमच्याकडे त्याचं उत्तर आहे, कारण खबर १५ तारखेलाच दिली होती, गुन्हा नोंदवायला पोलिसांनी दोन दिवस घेतले. हे कागदाने दाखवायचं. एफआयआरची प्रत घेऊन तिसरा रकाना बघा. त्यात घटना कधी घडली, पोलीस ठाण्याला माहिती कधी मिळाली आणि स्टेशन डायरीतली नोंद कितीची, असे वेगवेगळे तपशील असतात. आठवा रकाना ‘विलंबाची कारणे’ असा असतो. तिथे ‘आजूबाजूला व वाहतूक शाखेकडे शोध घेतला’ अशा अर्थाचं काही लिहिलं असेल तर फारच चांगलं. रिकामा असेल तरी घाबरू नका. फिर्यादीच्या मजकुरात १५ तारखेचा अर्ज किंवा फोन यांचा उल्लेख आहे का ते शोधा.

मग १५ तारखेच्या अर्जाची तुमची प्रत. तिच्यावर पोलीस ठाण्याचा आवक शिक्का आणि तारीख आहे का? असेल, तर सगळ्या प्रकरणात याहून मोलाचा कागद नाही, त्याचे दोन स्कॅन करून ठेवा. पोच घेतली नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे, दोन गोष्टी मागा: १५ डिसेंबरची त्या वेळेतली स्टेशन डायरीची नोंद, आणि तुमच्या मोबाइल क्रमांकावरून ११२ ला आलेल्या कॉलची नोंद. तपास चालू आहे म्हणून काही वेळा नकार येतो. तो नकारही लेखी घ्या, पुढे आयोगाला हीच कागदपत्रं पोलिसांकडून मागवायची विनंती करताना तो जोडता येतो. दरम्यान मोबाइल कंपनीकडून त्या दिवसाचा कॉल तपशील काढून ठेवा. या नोंदी कायम राहत नाहीत, म्हणून हे काम आजच करा.

दुसरा टप्पा अंतिम अहवालाचा. आपल्याकडे गुन्हा खरा पण आरोपी आणि माल सापडत नाही, अशा प्रकरणात पोलीस न्यायदंडाधिकाऱ्यांकडे ‘ए समरी’ मागतात. न्यायालयाने ती मंजूर केल्यावर सही-शिक्क्याची प्रत मिळते. कंपनीला ‘गाडी मिळाली नाही’ असा नुसता पोलीस ठाण्याचा दाखला चालतो असं काही एजंट सांगतात, पण वादाच्या प्रकरणात न्यायालयाने मंजूर केलेली ए समरीच हातात हवी. ती आपोआप तुमच्या घरी येत नाही. तपास अधिकाऱ्याला भेटून समरीचा प्रस्ताव गेला का, कुठल्या न्यायालयात, कोणत्या क्रमांकाने, हे विचारा आणि प्रमाणित प्रतीसाठी तिथे अर्ज करा. तुम्ही लिहिलेल्यात समरीचा उल्लेख नाही, त्यामुळे ती अजून झाली नसावी असं मला वाटतं. ती नसताना तक्रार करता येते, पण असली तर युक्तिवादाचं निम्मं काम होऊन जातं.

तिसरी गोष्ट तुमच्या घरी येऊन गेलेला माणूस. तो इन्व्हेस्टिगेटर होता. त्याने सोसायटीत विचारपूस केली असेल, चाव्या तपासल्या असतील, गाडी कुणाला विकली होती का हेही पाहिलं असेल. त्याला काही संशयास्पद सापडलं असतं, तर कंपनीने नकारपत्रात ते पहिल्या ओळीत लिहिलं असतं. पत्रात फक्त उशीर आहे, याचा अर्थ चोरी खरी आहे यावर त्यांचाही आक्षेप नाही. तो अहवाल लेखी मागा. देणार नाहीत कदाचित. मग आयोगापुढे तो हजर करण्याचा आदेश मागायचा. मागितला आणि लपवला, हे नोंदीवर येणंही आपल्या फायद्याचं असतं.

एकच गोष्ट उलटी असती तर मी तुम्हाला वेगळा सल्ला दिला असता. कळव्याच्या एका टेम्पोमालकाचं प्रकरण माझ्याकडे आलं होतं. त्याने कंपनीला तिसऱ्या दिवशी कळवलं, पण पोलिसांकडे गेला आठ दिवसांनी, कारण ओळखीतल्या एका ड्रायव्हरवर संशय होता आणि तो स्वतःच शोधत फिरत होता. कंपनीला वेळेत कळवूनही त्याची बाजू लंगडी होती. गाडी दूर नेऊन तिचे भाग सुटे करायला आठ दिवस पुरतात, आणि त्या आठ दिवसांत पोलिसांना काहीच माहीत नव्हतं. तिथे ७५ टक्क्यांची तडजोड घ्या, असं मीच सांगितलं. पोलिसांकडे उशीर आणि कंपनीकडे उशीर हे दोन वेगळे आजार आहेत. तुमचा दुसरा आहे, आणि त्यावर औषध आहे.

आता एजंटबद्दल. ‘पोलिसांचा कागद येऊ दे’ हे त्याने व्हॉट्सॲपवर लिहिलं असेल तर ते संभाषण जपा. त्याला सांगितलं म्हणजे कंपनीला लेखी कळवलं, असं मी तक्रारीत म्हणणार नाही, तो मुद्दा टिकेलच असं नाही. पण उशीर का झाला याचं ते प्रामाणिक कारण आहे, आणि कारणाला इथे महत्त्व आहे. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएने, २० सप्टेंबर २०११ रोजी सगळ्या कंपन्यांना परिपत्रक काढून सांगितलंय की कळवायला उशीर झाला एवढ्यावर यांत्रिकपणे क्लेम नाकारू नका. आधी उशिराचं कारण विचारा, नोंदवा, आणि वेळेत कळवलं असतं तरी हा क्लेम नाकारलाच गेला असता का, याची खात्री करा. तुमच्या कंपनीने नकार देण्यापूर्वी ‘उशीर का झाला’ असं विचारणारं एक तरी पत्र पाठवलं होतं का? बहुतेक वेळा पाठवलेलं नसतं. नसेल तर हा मुद्दा तक्रारीत ठळक घ्या.

७५ टक्क्यांचा हिशेब मांडून बघा. आयडीव्हीच्या ७५ टक्के म्हणजे ३,९०,०००. बँकेचा बोजा आरसीवर आहे, त्यामुळे १,३५,००० आधी बँकेला जातील आणि तुमच्या हातात २,५५,००० पडतील. पूर्ण क्लेममध्ये आयडीव्हीतून सक्तीची वजावट तेवढी जाते, १५०० सीसीपर्यंतच्या खासगी कारला ती १,००० असते. म्हणजे ५,१९,०००, बँकेचे गेल्यावर ३,८४,०००. फरक जवळपास १,२९,००० चा. शिवाय पूर्ण रकमेवर नकाराच्या तारखेपासून ९ टक्के व्याज मिळालं, तर वर्षाला ४६,७१० होतात. आयोग कधी ६, कधी ७, कधी ९ टक्के देतो, त्यामुळे हा आकडा हातात आला असं धरू नका, पण मागणी ९ ची करा.

एक बाजू मात्र तुमच्यापासून लपवणार नाही. आयोगही कधी कधी ‘नॉन-स्टँडर्ड’, म्हणजे अटीचा काही भंग झालाय असं धरून, ७५ टक्केच देतात. ११ फेब्रुवारी २०२२ च्या जैना कन्स्ट्रक्शन निकालात एफआयआर दुसऱ्याच दिवशी झाली होती, कंपनीला पाच महिन्यांहून उशिरा कळवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने गुरशिंदर सिंग निकालच लावला आणि क्लेम मान्य केला, पण जो आदेश कायम झाला तो ७५ टक्क्यांचा होता. म्हणजे लढून हरण्याची शक्यता कमी, आणि जिंकलात तरी वाईटात वाईट ७५ टक्के अधिक व्याज, असं मला दिसतं. मग तेवढेच पैसे आज व्याज सोडून, ‘पूर्ण व अंतिम’ अशा पावतीवर सही करून का घ्यायचे? हप्त्याचा ताण असह्य असेल तर तो निर्णय तुमचा, त्यात कमीपणा नाही. पण फोनवरच्या बोलण्यावर विसंबू नका, आधी लेखी प्रस्ताव मागा. ‘विनंती अर्ज’ म्हणून जो नमुना ते देतात, त्यात ‘माझ्याकडून अटीचा भंग झाला’ असं वाक्य असतं का ते बघा. त्यावर सही केलीत तर नंतर माझ्यासारख्या वकिलाचे हात बांधले जातात.

त्याऐवजी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला स्वतःचं निवेदन पाठवा, ईमेलने आणि रजिस्टर्ड पोस्टानेही. गाभा साधारण असा ठेवा:

‘दि. १५ डिसेंबर रोजी वाहन चोरीस गेल्याचे लक्षात येताच मी त्याच दिवशी ११२ क्रमांकावर व पोलीस ठाण्यात लेखी अर्जाद्वारे खबर दिली. त्यावरून दि. १७ डिसेंबर रोजी गुन्हा नोंदविण्यात आला. चोरीच्या बाबतीत अट क्र. १ अन्वये पोलिसांना तात्काळ खबर देण्याचे बंधन मी पाळले आहे. आपल्या अन्वेषकास मी दोन्ही चाव्या व जबाब दिला आहे. चोरी खोटी असल्याचा आक्षेप आपल्या पत्रात नाही. विलंबाचे कारण मला विचारण्यात आले नाही. गुरशिंदर सिंग (२०२०) व जैना कन्स्ट्रक्शन (२०२२) हे निर्णय आणि २० सप्टेंबर २०११ चे परिपत्रक विचारात घेऊन क्लेम मंजूर करावा व अन्वेषण अहवालाची प्रत द्यावी.’

यापेक्षा लांब लिहू नका. राग, एजंटच्या तक्रारी, ‘इतकी वर्षं प्रीमियम भरतोय’ हे सगळं बाहेर ठेवा.

महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पुन्हा नकार आला, तर दोन दारं आहेत. विमा लोकपालाचं कार्यालय आता ठाण्यातच आहे. तिथे फी नाही, वकील चालत नाही, रक्कम ५० लाखांपर्यंत चालते, आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. पटला नाही तर पुढे आयोगाकडे जाता येतं. मात्र एक वर्षाची मुदत आहे, आणि आयोगात तक्रार दाखल झाली असेल तर लोकपाल प्रकरण घेत नाहीत. दुसरं दार जिल्हा ग्राहक आयोगाचं. तिथे मुदत नकारापासून दोन वर्षं. लोकपालाकडे गेलात म्हणून ही दोन वर्षं थांबत नाहीत, हे कॅलेंडरवर लिहून ठेवा.

माझा सल्ला त्या आवक शिक्क्यावर अवलंबून आहे. शिक्क्याची प्रत आणि ए समरी हातात असेल तर लोकपालाकडे जा, कागद बोलका आहे, तोंडी साक्षीची गरज नाही. पोच नसेल, पोलिसांकडून डायरी मागवावी लागणार असेल, तर थेट आयोग बरा, कारण कागद हजर करायला लावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार त्याच्याकडे आहेत. मानसिक त्रासाची भरपाई आणि खर्चही तिथे मागता येतो.

आयोग कोणता, यात नवी मुंबईकरांचा हमखास घोळ होतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तुम्ही राहता तिथल्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं मुख्य कार्यालय कुठेही असो. घणसोली ठाणे जिल्ह्यात येते, ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतही तसंच. खारघर, कामोठे, पनवेलचा माणूस मात्र रायगड जिल्ह्यातला, त्याचा आयोग अलिबागला. जिल्हा आयोगाची ५० लाखांची मर्यादा भरलेल्या मोबदल्यावर, म्हणजे विम्यात प्रीमियमवर मोजतात, आणि मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून दाखल होते. बँकेलाही पक्षकार करा, तिच्याकडून काही मागायचं नसलं तरी. नाहीतर शेवटी पैसे कोणाला द्यायचे यावर कंपनी पुन्हा वेळ काढते.

नोटीस मिळाल्यापासून कंपनीला म्हणणं मांडायला ३० दिवस, फार तर आणखी १५. त्या म्हणण्यात अचानक नवीन कारणं उगवतात: गाडी रस्त्यावर बेफिकीरपणे लावली होती, चावी नकली होती, वगैरे. यावर २०१९ चा सौराष्ट्र केमिकल्स विरुद्ध नॅशनल इन्शुरन्स हा निकाल दाखवा. नकारपत्रात नसलेलं कारण कंपनी नंतर पुढे करू शकत नाही. म्हणून १९ मेचं ते पत्र पाकिटासकट जपा, कंपनीचा बचाव त्या एका पानापुरता मर्यादित झालाय.

तोपर्यंत बँकेचा हप्ता बंद करू नका. क्लेम अडकला म्हणून हप्ता थांबवणाऱ्यांचं क्रेडिट रेकॉर्ड खराब होतं आणि दंडव्याज आयोग सहसा कंपनीवर टाकत नाही. वाशी आरटीओला चोरीचं पत्र एफआयआरच्या प्रतीसह दिलं नसेल तर द्या आणि पोच घ्या, म्हणजे तुमच्या नंबरची गाडी दुसऱ्याच्या नावावर चढण्याचा धोका कमी होतो. आणि मधेच गाडी सापडल्याचा पोलिसांचा फोन आला, तर त्याच दिवशी कंपनीला, आणि प्रकरण दाखल असेल तर आयोगालाही, लेखी कळवा. पैसे मिळाल्यानंतर सापडली तर ती गाडी कंपनीची, कारण क्लेम घेताना हक्क त्यांच्या नावे करून देणाऱ्या कागदांवर तुम्ही सही केलेली असेल.